तिसरी निरी

गेल्या श्रावणात आज्जीचं सहस्रचंद्रदर्शन झालं. ओसरीवर पाहुणे दाटीवाटीने बसले होते, बाहेर आजऱ्याचा पाऊस कौलांवर धरून पडत होता, आणि माजघरात आज्जी नवं लुगडं नेसत होती. नेसवायला ती कुणाला हात लावू देत नाही. मी फक्त पदराचं टोक जमिनीला लागू नये म्हणून धरून उभी होते. नेसताना ती खाली बघत नाही. समोरच्या भिंतीकडे, कधी दारातून दिसणाऱ्या पावसाकडे बघत असते आणि हात आपलं काम करत राहतात. कमरेची गाठ बसली. तिने निऱ्या घालायला घेतल्या. पहिली निरी, दुसरी निरी, आणि तिसऱ्या निरीला तिची बोटं थांबली. अंगठा आणि तर्जनी यांच्यात कापड धरून तिने ते वरखाली चोळलं, शिजलेल्या भाताचं शीत दाबून बघावं तसं. मग बोटं शिवणीवरून हळूहळू खालपर्यंत गेली, काठापर्यंत. तिथे काठ काठाला नीट भिडलाय का हेही तिने चाचपलं. एकदा माझ्याकडे पाहिलं. आणि निरी दुसऱ्या निरीवर ठेवून पुढची घालायला घेतली.

तिने काहीच विचारलं नाही, आणि तेच मला दिवसभर लागून राहिलं.

तिच्या बोटांना काय सापडलं ते मला माहीत होतं. तो दंड होता. लुगड्याला दंड घालणं म्हणजे काय, हे माझ्या वयाच्या किती जणींना ठाऊक असेल कोण जाणे. नऊवारी विरते ती ठरलेल्या ठिकाणी विरते. बसायच्या जागी, गुडघ्यांवर, कासोटा ताणतो तिथे. टोकं मात्र धड असतात. मग विरलेला भाग आडवा कापून काढायचा आणि दोन्ही धड टोकं एकमेकांना जोडायची. कधी एका लुगड्यातलं चांगलं तेवढं घ्यायचं, दुसऱ्यातलं चांगलं तेवढं घ्यायचं आणि दोन जुनेरांचं मिळून एक नेसतं करायचं. ती जोडाची शिवण म्हणजे दंड. आज्जीच्या तोंडून तो शब्द मी लहानपणापासून ऐकलाय, पण कधी चांगल्या सुरात नाही. तिच्या आईला कंट्रोलच्या काळात कापड रेशनवर मिळायचं, तेव्हाची आठवण सांगताना तो यायचा. लग्नानंतरच्या पहिल्या दहा वर्षांबद्दल बोलताना यायचा. “दंडाचं लुगडं नेसून मी चुलत जावंच्या लग्नात गेलो व्हतो,” असं ती एकदा म्हणाली होती. “निऱ्यांत लपीवला व्हता. पर वाऱ्यानं वचा हालला, आन सगळ्यांनी बगितला.” साठ वर्षांपूर्वीचा तो ओचा हललेला तिला अजून दिसत होता.

आणि त्याच आज्जीच्या एक्क्याऐंशीव्या वर्षी, गावासमोर, मी तिला दंड घातलेलं लुगडं नेसायला दिलं होतं.

सुरुवात अशी नव्हती झाली. आज्जीला मुळात इरकल आवडतं. सुती अंग, रेशमी काठ आणि लालभडक पदर, त्यावर पांढऱ्या दातऱ्यांची नक्षी. आता दुकानात इरकल भरपूर मिळतं, पण ते सगळं सहावारी. नऊवारी मागितली की दुकानदार कपाटाच्या वरच्या कप्प्यातून दोन घड्या काढतो, त्यांतली एक पॉलिस्टर असते आणि दुसरी अखूड. आज्जी हातात घेऊनच सांगते, “ही साडेआठ वार बी न्हाई.” मी बंगळूरला नोकरी करते. मेमध्ये चार दिवस सुट्टी होती, तेव्हा बागलकोट जिल्ह्यातल्या इलकलला गेले. ठरवून गेले होते की आज्जीसाठी नऊवारी विणूनच घ्यायची.

ज्या विणकराच्या घरी गेले, तिथे माग खड्ड्यात होता. तो कमरेपर्यंत जमिनीत बसल्यासारखा दिसायचा, पाय खालच्या पायपट्ट्यांवर. नऊवारी म्हटल्यावर त्याने हातातलं काम थांबवलं आणि मला मागच्या बाजूला नेऊन ताणा दाखवला. इरकलीचं सगळं गुपित तिथे असतं. अंगाचा ताणा सुताचा असतो आणि पदराचा ताणा वेगळा, रेशमाचा, लाल. हे दोन ताणे मागावर येण्याआधी एकमेकांत अडकवतात. पदराच्या धाग्याचा फास करायचा, त्यातून अंगाच्या धाग्याचा फास ओवायचा. असे सगळ्या पन्ह्यात, धाग्यामागून धागा. याला ते कोंडी म्हणतात. त्यामुळे आपल्याकडे जसा लांबच लांब ताणा लावून त्यावर एकामागून एक साड्या काढतात तसं इथे चालत नाही. प्रत्येक साडीचा ताणा वेगळा, तिच्या लांबीचा. सहा वारांची हवी तर सहाचा, नऊची हवी तर नऊचा. “एका नऊवारीसाठी सगळं नव्याने लावावं लागेल,” तो म्हणाला. त्याला थोडं मराठी येत होतं, मला थोडं कन्नड. मी हो म्हटलं, पैसे दिले. रंग ठरवला पिकलेल्या जांभळाच्या सालीचा. चौकडा नको, रेघ नको, साधं अंग. आज्जीला अंगावर गर्दी आवडत नाही.

जूनच्या शेवटी लुगडं बंगळूरला आलं. ते मी दोन दिवस टेबलावर ठेवून नुसतं बघत होते. खळीमुळे कडक, हात फिरवला की कागदासारखा आवाज, आणि नव्या सुताचा तो किंचित आंबूस वास. पदर जिथे अंगाला भेटतो तिथे बोट ठेवलं तर बारीक कणी लागत होती. तीच ती कोंडी.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात मी ते टपालाने पाठवलं. कार्याला अजून पाच आठवडे होते. पण मला ते आधी पोचायला हवं होतं, म्हणजे आज्जी ते उन्हाची तिरीप आली की अंगणात धरून बघेल, शेजारणींना दाखवेल. आता सांगते ती चूक माझी आहे, आणि ती एवढी साधी आहे की आठवली की अजून पोटात कालवतं. लुगडं प्लास्टिकच्या पिशवीत घातलं, ते बरोबर केलं. त्यावर खाकी कागद गुंडाळला, चिकटपट्टी लावली आणि पत्ता वेगळ्या कागदावर लिहून तो कागद खाकीवर डकवला. खिडकीवरच्या बाईंनी त्यांची बारकोडची पट्टी शेजारीच लावली. म्हणजे ते कोणाचं, कुठून, कुठे, हे सांगणारं जे काही होतं ते सगळं त्या एका खाकी कागदावर होतं. आत एक चिठ्ठी नाही. आज्जीचं नाव नाही, माझा फोन नंबर नाही. आणि कागद जुलै महिन्यात पश्चिम घाटाकडे निघाला होता.

पावतीवर तेरा अक्षरांचा क्रमांक होता. पुढे दोन इंग्रजी अक्षरं, नऊ आकडे, शेवटी IN. तो मला आजही तोंडपाठ आहे. पहिले दोन दिवस फोनवर नोंदी हलत होत्या, इथून निघाली, तिथे पोचली. मग एका मोठ्या केंद्रातून पिशवीत भरून पुढे गेल्याची नोंद आली. त्यानंतर काही नाही. अशा वेळी आपण कशाला फसतो तर त्या शेवटच्या नोंदीला. वस्तू प्रवासात आहे असंच ती सांगत असते, आठवडाभर, दोन आठवडे. खरं तर नोंद होते ती पट्टी यंत्रासमोर धरली तर. पट्टीच राहिली नाही, तर वस्तू जगात असून नोंदीत नसते. हे मला पुढे आज्जीच्या गावच्या पोस्टमननी समजावलं. तक्रार केली, चौकशी झाली, वस्तू सापडत नसल्याचं कळवण्यात आलं. भरपाई टपालखर्चावर ठरणार होती, लुगड्याच्या किमतीवर नाही, कारण विमा मी उतरवला नव्हता. त्या पैशांचं मला काही नव्हतं. मला सारखं दिसायचं ते असं की कुठल्याशा खोलीत ओला लगदा झालेला कागद बाजूला पडलाय आणि पारदर्शक पिशवीत एक जांभळं लुगडं आहे, चांगलं, कोरडं, आणि ते कुणाचं हे कुणालाच माहीत नाही.

पत्ता गेलेल्या वस्तूंसाठी टपालात वेगळं कार्यालय असतं, आर.एल.ओ. म्हणतात त्याला. तिथे वस्तू उघडून आत नाव-पत्ता सापडतो का ते बघायचा अधिकार असतो. पोस्टमनदादा हे सांगून म्हणाले, “आत चिठ्ठी टाकली असती तर परत तरी आलं असतं, ताई.” त्यांच्या उमेदीत लोक पार्सल मांजरपाटात शिवून आणायचे आणि पत्ता थेट त्या कापडावर लिहायचे. कापड भिजतं, पण सुटून पडत नाही. मी त्यांचं बोलणं ऐकत होते आणि मला आमचं घर आठवत होतं. दिवाळीआधी आज्जी चकल्यांचा डबा जुन्या धोतरात शिवून पुण्याला पाठवायची. दाभणाने, सुतळीने. पत्ता वडील लिहायचे, शाई फुटू नये म्हणून आधी त्या जागेवर मेणबत्ती घासून. हे सगळं मी बघितलेलं होतं. आणि तरी मी कागद गुंडाळला.

आज्जी मात्र वाट बघत होती. मी तिला आधीच सांगून ठेवलं होतं ना. काकू फोनवर सांगायची, पोस्टमनची सायकल वाजली की आज्जी पायरीवर येऊन उभी राहते. ती “आलं का” असं विचारायचीसुद्धा नाही, नुसती उभी राहायची. आणि दादा लांबूनच हात हलवायचे.

कार्याला तेरा दिवस राहिले तेव्हा मी विणकराला फोन केला. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, नऊवारीचा ताणा पुन्हा लावायचा तर आधी धागा रंगवायचा, वाळवायचा, पावसात वाळत नाही, मग कोंडी, मग विणायचं. तेरा दिवसांत नाही होणार. मग स्वतःच म्हणाला की त्याच रंगाचं सूत उरलं होतं, त्यातून दोन सहावारी निघाल्यात, अजून घरातच आहेत, रंगाच्या त्याच पातेल्यातल्या. त्या दोन मला हव्यात का?

त्या क्षणी डोक्यात काही फार मोठा विचार आला असं नाही. सहा आणि सहा बारा, मला नऊ हवेत. तीन उरतात. एवढंच.

साड्या रात्रीच्या बसने आल्या. पण नुसती जोडून भागणार नव्हतं. जोड कुठे पडेल हे महत्त्वाचं होतं. बसायच्या जागी पडला तर उसवेल, कासोट्यात पडला तर ताणेल आणि काचेल, पदराकडे पडला तर सगळ्या जगाला दिसेल. तो निऱ्यांतच पडायला हवा होता, आणि निऱ्यांतही मधल्या नकोत, कारण मधल्या निऱ्यांचाच काठ पायांतून मागे जातो. सुरुवातीच्या तीन-चार निऱ्यांतच तो लपणार होता. आता आज्जीची निरी कितव्या हातावर सुरू होते हे तिला न विचारता कसं कळणार? हे काकूने सोडवलं. सकाळी आज्जी आंघोळीला गेली की आदल्या दिवशीचं लुगडं धुवायला पडतं. काकूने ते पाण्यात घालण्याआधी ओसरीवर लांब पसरलं. दिवसभर नेसलेल्या लुगड्यावर निऱ्यांच्या मोडी जशाच्या तशा उमटलेल्या असतात. आतल्या टोकापासून तिने कोपरापासून बोटांपर्यंत हात टाकत मोजलं. पाच हातांवर पहिली मोड. साडेपाचच्या आसपास दुसरी. सहा हातांना जरा कमी, तिथे तिसरी. दोन हातांचा एक वार. म्हणजे तीन वारांचा तुकडा आतल्या टोकाला जोडला, तर शिवण बरोबर तिसऱ्या निरीच्या आतल्या घडीत बसत होती. फोनवर काकू कुजबुजत हे आकडे सांगत होती आणि मी भाजीच्या यादीच्या मागे लिहून घेत होते. तेवढ्यात न्हाणीघराचं दार वाजलं आणि फोन बंद झाला.

त्यानंतरचं काम मी तीन रात्री केलं. पहिल्या रात्री दोन्ही साड्या मिठाच्या पाण्यात भिजवल्या. इरकलीचा गडद रंग पहिल्या पाण्याला थोडा सुटतोच. शिवाय सूत आटतं तेवढा रेशमी काठ आटत नाही. न भिजवता जोडलं असतं तर पहिल्या धुण्यातच शिवणीपाशी चुण्या पडल्या असत्या. पण भिजवताना हात जड झाले होते, हेही खरं. कार्याला कोरं वस्त्र नेसतात. पाण्यात घातलं की ते कोरं राहत नाही. मी बादलीपाशी पाच मिनिटं तशीच बसून राहिले, आणि मग घातलं.

दुसऱ्या रात्री कापलं. कात्री सरळ चालवून साडी सरळ कापली जात नाही, तिरकी जातेच. त्यासाठी आडवा धागा काढायचा. तीन वार मोजून काठापाशी छोटी चीर दिली, सुईच्या टोकाने एक बाण्याचा धागा उचलला आणि तो हलके हलके ओढत गेले. धागा निघत जातो तसं कापडात केसाएवढी फट उमटते, पांढरी नाही, फक्त जराशी पारदर्शक. त्या फटीवरून कात्री न्यायची. माझा धागा चार वेळा तुटला. दर वेळी त्याचं टोक शोधायला दिव्याखाली कापड डोळ्यांशी आणावं लागत होतं. दुसरी साडी मी मोडली होती, म्हणजे तिचा पदर असलेला अर्धा भाग आता एकटा राहिला होता, हे तेव्हा फार जाणवलं. तो मी घडी करून कपाटात वर ठेवला. डोळ्यांसमोर नको म्हणून.

मग जोडायला घेतलं आणि लक्षात आलं की दोन्हींच्या पन्ह्यात फरक आहे. अर्ध्या बोटाचा असेल. एकाच माणसाने, एकाच मागावर, एकाच सुताने विणलेल्या दोन साड्यांमध्ये. एक दिवशी हात जरा घट्ट पडला असेल, दुसऱ्या दिवशी सैल. वरून शिवत खाली आले असते तर खालचे काठ एकमेकांना भेटलेच नसते, आणि इरकलीचा काठ चुकलेला दहा पावलांवरून दिसतो. म्हणून आधी दोन्हीकडचे काठ काठाला लावून टाचले. काठातली प्रत्येक रेघ रेघेला. मग मधलं जादा कापड पन्हाभर इतकं थोडं थोडं वाटून घेतलं की कुठेच फुगवटा दिसू नये. मशीनवर एक तुकडा करून पाहिला, पण टिपेने सूत आवळलं जाऊन बारीक चुण्या आल्या. उसवलं. हातानेच धावदोरा घातला, मग एक कड दुसरीवर दुमडून आत मुडपली आणि बारीक तुरपाई केली. आतला किंवा बाहेरचा धागा मोकळा राहू नये अशी. साधारण सव्वा मीटरची शिवण. रात्री अडीच वाजता ती संपली तेव्हा मी तिच्यावरून डोळे मिटून बोट फिरवलं. लागत होती. पातळ होती, सपाट होती, पण लागत होती.

तरी वाटलं, तिला नाही कळणार. तिचा मोतीबिंदू झालाय, एका डोळ्याला अजून धूसर दिसतं. मी विसरले होते की ती डोळ्यांनी नेसत नाही.

काकूने आत्याला सांगून टाकलं होतं, कारण काकूच्या पोटात काही राहत नाही. आत्या कार्याच्या आदल्या रात्री मला मागच्या पडवीत घेऊन गेली. “अगं, जोडलेलं वस्त्र देतीस आईला? या दिवशी? त्यापेक्षा बाजारातलं साधं पातळ आणायचं हुतंस.” तिचं म्हणणं मला पटत नव्हतं असं नाही. ती आज्जीची मुलगी आहे. तिने लहानपणी त्या दंडांच्या लुगड्यांना धरून उभं राहायला शिकलेलं आहे. मी म्हटलं, आत्या, तिने पाच आठवडे वाट बघितलीय या रंगाची. आत्या काही बोलली नाही. पण सकाळी मी लुगडं घेऊन माजघरात गेले तेव्हा ती उठून बाहेर गेली.

आणि मग तिसऱ्या निरीला बोटं थांबली.

कार्य छान झालं. एक्क्याऐंशी दिव्यांनी ओवाळलं. पावसाने वाती फडफडत होत्या, दोन-तीन पुन्हा लावाव्या लागल्या. आज्जी पाटावर ताठ बसली होती. जांभळा रंग तिच्या सावळ्या हातांवर असा खुलला होता की फोटो काढणारा मुलगासुद्धा म्हणाला, आज्जी, काय भारी रंग! मी मात्र सगळा वेळ तिच्या गुडघ्यांकडे बघत होते. ती पाया पडणाऱ्यांच्या डोक्यावर हात ठेवायला वाकली की ओचा हलायचा, आणि माझा श्वास अडकायचा. जेवणं झाली, पाहुणे एस.टी.ला गेले, भांडी वाजायची थांबली. आज्जीने लुगडं बदललं नव्हतं. ती माजघरात खाटेवर बसली होती आणि मला म्हणाली, “दार वढून घे.”

मी शेजारी बसले. तिने निऱ्यांतून ती तिसरी निरी बाहेर काढली, मांडीवर पसरली आणि शिवणीवर बोट ठेवलं. “हातशिलाई कुणाची?”

“माझी.”

“दोरा बारीक घेतलास त्ये बरं केलंस. हितं,” ती काठापासून वीतभर वर थांबली, “हितं टाके वाईच लांब पडल्यात.” बरोबर. तिथे मला झोप येत होती. मग मी सगळं सांगितलं. खाकी कागद, चिठ्ठी न टाकल्याचं, पोस्टमनदादा काय म्हणाले ते, दोन सहावारी, काकूने मोजलेल्या मोडी. तिला त्या मोडींचं फार नवल वाटलं. “माज्या निऱ्या मोजल्या व्हय गं?” असं दोनदा म्हणाली. मी म्हटलं, आज्जी, मला वाटलं तुला वाईट वाटेल. दंड म्हणून.

ती जरा वेळ बोलली नाही. बाहेर पागोळ्या गळत होत्या. “वाटलं,” ती म्हणाली. “सकाळी बोटाला लागला तवा वाटलं. येकदम ती सगळी लग्नातली मानसं हुबी ऱ्हायली डोळ्यांम्होरं.” मग तिने पदर पुढे ओढला आणि जिथे लाल रेशीम जांभळ्या सुताला भेटतं तिथे माझं बोट धरून ठेवलं. ती कोंडीची कणी. “ह्यो बी जोडच हाय की. इरकलीला ह्यो असतोयच. ह्येला कोन हासत न्हाई.” आणि थोडं थांबून, “तवा आमी फाटलं म्हनून जोडत हुतो. तू फाटलेलं न्हाई जोडलंस. पर माज्या बोटाला ते कुठं कळतंय लगेच.”

मला काय बोलावं ते सुचेना. तिला बरं वाटत होतं की वाईट, हे मला आजही नीट सांगता येणार नाही. दोन्ही असावं. तिने ते लुगडं नंतर गौरीला पुन्हा नेसलं, एवढं खरं. आणि आत्याने त्या दिवशी, न बोलता, ते स्वतःच्या हाताने धुऊन सावलीत वाळत घातलं, दंडाची बाजू आत करून.

त्या रात्री झोपण्याआधी आज्जीने विचारलं, “आन दुसरीचं ऱ्हायलेलं काय केलंस? पदराचं?”

कपाटात आहे, मी म्हटलं.

“टाकू नगंस. घिऊन ये.”

दिवाळीला मी ते घेऊन गेले, पाठीवरच्या पिशवीत, टपालाने नाही. तरी आत चिठ्ठी टाकली होती. नाव, गाव, फोन नंबर. आज्जीने ट्रंकेतून तिचं बारा-तेरा वर्षांचं एक जुनं इरकल काढून ठेवलं होतं. अंग धड होतं, धुऊन धुऊन मऊ झालेलं, रंग उतरून वांग्याच्या फुलासारखा झालेला. पण पदराचं रेशीम पार विरून गेलं होतं, हात लावला की चिरत होतं. तिने ते आणि माझं तीन वारांचं पदराचं तुकडं शेजारी शेजारी पसरलं. एक गडद, एक फिकं. रंग काही जुळत नव्हता. मी तसं म्हटलं. ती म्हणाली, घरात नेसायला कोन बघतंय. आणि चष्मा न लावता, काठापाशी बारीक चीर देऊन, थुंकीने बोट ओलं करून तिने बाण्याचा एक धागा उचलला.

दुसरं टोक तिने माझ्या हातात दिलं. “ताणून धर. वढू नगंस.” ती धागा सोडवत चालली, वीतभर, दोन विती. फट उमटत गेली. मध्यावर आली तेव्हा धागा तुटला. मी कापड दिव्याकडे न्यायला उचललं, पण तिने ते तिथेच धरून ठेवलं आणि तुटल्या जागेवरून अंगठा फिरवत राहिली.

“हितं हाय बग,” ती म्हणाली, आणि टोक वर आलं.